ळच्या खालचं टिंब

ग्रंथालयात त्यांना सगळे टिंबकाका म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि तोंडावरही. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. आयुष्यभर माणसानं जे केलं त्याचंच नाव त्याला चिकटलं तर तक्रार कसली करायची, असं ते बायकोला सांगत. बायको म्हणे, "तक्रार तुम्ही कशाचीच करत नाही. तोच तर घोळ आहे."

काम साधं होतं, पण समजावून सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला जांभई येई. ग्रंथालयात साठ-सत्तर भाषांतली पुस्तकं होती. त्या सगळ्या लेखकांची नावं एकाच यादीत, एकाच क्रमानं लागावीत म्हणून ती रोमन अक्षरांत लिहीत. मराठी पुस्तकांची यादी काकांकडे. रोमन अक्षरं मोजून सव्वीस. आपल्याकडे ल वेगळा, ळ वेगळा. म्हणून ल साठी नुसता l आणि ळ साठी खाली टिंब दिलेला ḷ. काळे लिहायचे ते Kāḷe, आणि काले लिहायचे ते Kāle. बोलताना कोणी गल्लत करत नाही, पण टिंब गेलं की कागदावर दोन्ही घराणी एक होतात. आणि एकदा एक झाली की परत वेगळी करता येत नाहीत. टिंब काढायचं काम यंत्र एका क्षणात करतं. ते परत द्यायचं म्हटलं, तर समोरचा l मुळात ल होता की ळ, हे यंत्राला कसं कळणार? त्यासाठी कुणीतरी उठून मूळ पुस्तक उघडायला हवं.

काकांनी ती पुस्तकं उघडली होती. टाइपरायटरच्या काळात नाव टाइप करायचं, कार्ड बाहेर काढायचं आणि बारीक निबाच्या पेनानं l च्या खाली टिंब द्यायचं. शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून बसायचं. पुढे कोणीतरी हुशारी केली, की ळ साठी मोठा L वापरू, टिंबाची कटकट नको. काकांनी दबक्या आवाजात विचारलं होतं, की मग लेले आडनावाचं पहिलं अक्षर मोठं लिहायचं तेव्हा काय करायचं? आणखी कोणी zh सुचवला. तो दुसऱ्या भाषेतल्या निराळ्याच अक्षरासाठी वापरतात, हे सांगायला काकांना दोन दिवस धीर गोळा करावा लागला. शेवटी टिंबच राहिलं. त्यांच्या टेबलाशेजारी भिंतीवर तक्ता होता: ळ खाली टिंब, ऌ या स्वराच्या खाली छोटा गोल, शब्दाच्या शेवटचा अ सुद्धा लिहायचा, म्हणजे बाळ हे Bāḷa. नवी माणसं हसत. "काका, हे बाळा झालं!" काका म्हणत, "आ असता तर वर आडवी रेघ असती. नियम एकदा ठरला की हसू आलं तरी पाळायचा."

पण त्यांचा सगळ्यात लाडका नियम तक्त्यावर नव्हता. त्याला ते 'दुसरी नजर' म्हणत. नोंद कोणीही करो, आधार लिहायचा: पुस्तकाचं मुखपृष्ठ, लेखकाचं पत्र, जे असेल ते. आणि ती नोंद दुसऱ्या माणसानं आधाराशी ताडून पाहिल्याशिवाय पक्की व्हायची नाही. स्वतःचं स्वतः कोणी मंजूर करायचं नाही. कार्डं जाऊन संगणक आला, तरी काकांच्या हट्टानं तो नियम संगणकातही आला. प्रत्येक नोंदीच्या तळाशी दोन आद्याक्षरं असत. एक करणाऱ्याचं, एक पाहणाऱ्याचं.

एकोणीस वर्षं ती दुसरी नजर ताईची होती.

ताई म्हणजे त्यांची शिष्या. चोवीस वर्षांची असताना विभागात आली, वही-पेन घेऊन काकांच्या टेबलाशी बसली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, मला काही येत नाही." काकांना इतका आनंद कशानंच झाला नव्हता. काही न येणाऱ्या माणसाला शिकवणं हे त्यांना जमत असे; सगळं येणाऱ्यांपुढे त्यांची बोबडी वळे. सहा महिन्यांत सरचे काका झाले. तिच्या लग्नात काकांनी अक्षता टाकल्या, तिच्या मुलीला पाटीवर ळ गिरवायला शिकवला. आता ती विभागप्रमुख होती, आणि काका निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी आठवड्यातून चार दिवस बिनपगारी येत. मराठी नोंदी करणारी माणसं विभागात दोनच, ते आणि ती. तिनं केलेली प्रत्येक नोंद काका आधार उघडून ताडत. काकांनी केलेली ती ताडत असे. काकांना कधी झोप लागली नाही तर ते हे आठवत, आणि बरं वाटे. आपलं चुकलं तरी पाहणारं कोणीतरी आहे.

दोन महिन्यांपूर्वी काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सोळा दिवस पडद्याकडे बघायचं नाही म्हणून बजावलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताई त्यांच्या टेबलाशी आली.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"मी कधी रागावलोय?"

"सोळा दिवस नोंदी अडून राहतील. माझ्या कामाला दुसरी नजर कोण देणार? तुमचा पासवर्ड देऊन ठेवता का? अगदी किरकोळ असेल तेवढंच मंजूर करीन. आल्यावर तुम्ही बघून घ्या."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नियमात बसत नव्हतं. पण 'नाही' म्हणायचं म्हणजे 'तुझ्यावर विश्वास नाही' म्हणायचं, असं त्यांना वाटलं. त्यांनी चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ती न बघताच म्हणाली, "घराची किल्ली दिलीत म्हणा ना."

"ताईला दिली गं. परक्याला थोडीच."

"मी कुठे काय म्हणाले?"

ऑपरेशन चांगलं झालं. सतराव्या दिवशी काका कामावर आले. डाव्या डोळ्यात अजून धुकं होतं, उजव्यात लख्ख दिसत होतं. सगळ्या भिंती त्यांना वाटत होत्या त्याहून मळक्या निघाल्या. ताई बैठकीत होती. संगणकाशी बसून त्यांनी आधी पासवर्ड बदलला. ते नोंदींची रांग उघडणार, तोच खालच्या काउंटरवरून फोन आला.

"टिंबकाका, खाली या. एक बाई आल्यात. म्हणतात, त्या मेल्यात."

"काय?"

"मी म्हणत नाही हो, त्याच म्हणतात."

खाली काउंटरपाशी खुर्चीत एक म्हातारी बसली होती. ऐंशीच्या पुढची, पाठ ताठ, केस आखूड कापलेले, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी नात उभी होती, चेहरा पाडून. काका दिसताच म्हातारी म्हणाली, "अहो, मी वारले असं कळलं, म्हणून चौकशीला आले. तारीख तरी सांगा. पुढच्या वर्षी तिथी चुकायला नको."

"आजी, पुरे," नात म्हणाली.

"पुरे काय? बेचाळीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते. हजारभर मुलं या हातांवर जन्मली. मी कधी मेले ते मला कळायला नको?"

नातीनं काउंटरवरचा पडदा काकांकडे वळवला. म्हातारीचं नाव. नावाखाली मृत्यूचं साल, आठ वर्षांपूर्वीचं. त्याखाली पाच पुस्तकं. पहिली तीन काकांच्या ओळखीची: नवजात बाळाची काळजी, अंगावरचं दूध, आणि प्रसूतिगृहातल्या आठवणी. पुढची दोन ढेकूण, झुरळं आणि उंदीर यांच्या नायनाटावर.

"माझ्या बाळांच्या शेजारी ढेकूण आणून बसवलेत," म्हातारी म्हणाली. "हे कुणाचं डोकं?"

काकांनी पडद्याजवळ उजवा डोळा नेला. आडनावातल्या l च्या खाली टिंब नव्हतं.

ढेकणांवर लिहिणाऱ्या बाई दुसऱ्या. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच. आडनावात त्यांच्याकडे ल, हिच्याकडे ळ. दोघींमध्ये उभं होतं ते एवढंच टिंब. टिंब गेलं, दोन्ही नावं अक्षरशः एक झाली, आणि अशा दोन नोंदी दिसल्या की यंत्र त्यांची एकच नोंद करतं, दोघींची माहिती एका रकान्यात गोळा करतं. त्या दुसऱ्या बाई खरोखरच वारल्या होत्या.

"तुम्हीच ते का हो?" म्हातारीनं एकदम विचारलं. "पोस्टकार्डवाले?"

काका दचकले. सव्वीस वर्षांपूर्वी तिचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा मुखपृष्ठावर नाव फक्त रोमनमध्ये होतं, टिंबाविना. आडनाव कसं उच्चारायचं कळायला मार्ग नव्हता. काकांनी प्रकाशकाच्या पत्त्यावर कार्ड टाकून विचारलं होतं.

"हो. मीच."

"तुम्ही विचारलंत, ल की ळ. मी हसले होते. म्हटलं, जगात एवढी विचारपूस करणारा माणूस आहे! काय लिहिलं होतं मी, आठवतंय?"

काकांना शब्दन् शब्द आठवत होता. सासरकडून मिळालेल्या गोष्टींत एवढं एकच अक्षर मला मनापासून आवडलं, ते तेवढं सांभाळा. त्यांनी उलट टपाली कार्ड पाठवलं होतं. त्यावर एकच शब्द लिहिला होता: सांभाळतो.

"आठवतं," ते म्हणाले. "काहीतरी चूक झालीये. मी आजच बघतो."

"बघा बाई. मला जिवंत करा आधी. ढेकणांचं मागून बघू."

काका वर आले. स्वतःच्याच डोळ्यावर संशय घ्यायची त्यांना सवय होती. कदाचित एक नोंद बिघडली असेल. कदाचित आपणच पूर्वी कधी चुकलो असू. त्यांनी जागेवर बसून त्या नोंदीचा इतिहास उघडला. तळाशी ओळ होती:

बदल: टिंब काढले. आधार: लेखिकेचे पत्र. दुसरी नजर: आणि पुढे काकांची आद्याक्षरं.

तारीख ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवसाची. त्या दिवशी काका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडले होते आणि बायको त्यांना वरणभात भरवत होती.

आधाराची ओळ त्यांनी परत वाचली. लेखिकेचे पत्र. ते पत्र टिंब ठेवा म्हणून होतं. यंत्रानं नाव बदललं, आधाराचा रकाना होता तसाच ठेवला. आता कागदोपत्री असं झालं होतं, की बाईंनीच लिहून कळवलं टिंब काढा, आणि काकांनी ते पत्र डोळ्यांनी बघून होकार दिला.

त्यांनी त्या आठवड्यातले सगळे बदल मागवले. तीन हजार आठशे बारा. ळ असलेली एकूण एक नावं. प्रत्येकाखाली त्यांची आद्याक्षरं.

विभागातला शिपाई चहा ठेवून गेला. काकांनी त्याला विचारलं, "कार्डांची जुनी कपाटं कुठे गेली रे? तिकडे कोपऱ्यात होती ती."

"तळघरात. एक तारखेला रद्दीवाला येणारेय. तुम्हाला माहीत नाही? ताई म्हणाल्या, काकांना विचारून केलंय."

चहा तिथेच निवला. काका तळघरात गेले. कपाटं पाण्याच्या टाकीशेजारी ओळीनं उभी होती. त्यांनी खण ओढला, बोटांनी कार्डं चाळली. बोटांना वाट माहीत होती. बाईंचं कार्ड निघालं: टाइप केलेलं नाव, त्याखाली त्यांच्या निबाचं टिंब, जरासं मोठं पडलेलं. मागे चिकटवलेलं पोस्टकार्ड. ते खिशात घालून ते वर आले.

ताई बैठकीतून परतली होती. काचेच्या खोलीत ती फोनवर बोलत होती. काकांना बघून तिनं हसून हात केला आणि फोन ठेवला.

"काका! डोळा कसा आहे? बसा ना. मी संध्याकाळी घरी येणारच होते."

काका बसले नाहीत. "टिंबं काढलीस."

तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं. मग तिनं उठून दार लावलं.

"काका, मी सांगणार होते. तुम्ही बरे झाल्यावर."

"बरा झालो."

"अकरा ग्रंथालयांची यादी एक होतेय. पंधरा दिवसांची मुदत होती. बाकीच्यांकडे कुणाकडेच टिंबं नाहीत. आपली नावं त्यांच्याशी जुळत नव्हती. संचालक म्हणाले, लोक स्वतःची आडनावं लिहिताना तरी टिंब देतात का?"

"नाही देत. ती बिनटिंबाची रूपं नावाखाली जोडायची. वाचक काहीही लिहो, शोधताना यंत्रानं टिंब न बघता शोधावं, नोंदीत मात्र ते राहू द्यावं. तुला शिकवलंय मी हे."

"शिकवलंय. पण प्रत्येक नावाला पर्यायी रूप जोडायचं, जुळवायचं, आठ महिने लागले असते, काका. आठ महिने! विभाग बंद करायचं चाललं होतं त्यांचं. मराठीचं टेबलच काढून टाकायचं."

काकांनी हे खरं आहे का खोटं, असं मनाशी विचारलं. खरं असेलही. त्यांना तिची बाजू लगेच दिसू लागली. हा त्यांचा जुना आजार. मग खिशातल्या कार्डाचा कोपरा बोटाला लागला.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणून पासवर्ड मागितलास?"

टेबलावरची पिन उचलून तिनं परत ठेवली.

"अगं, माझा डोळा कापत होते तेव्हा तू..." काकांना पुढचे शब्द सापडेनात. भांडण त्यांना कधी जमलंच नव्हतं. "बैठकीत काय सांगितलंस? मी होकार दिला म्हणून?"

"टिंबकाकांनी स्वतः तपासलंय म्हटल्यावर कोणी एक प्रश्न विचारला नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या नावाला तेवढा मान आहे, काका."

एखाद्यानं कौतुक करता करता थोबाडीत मारावी तसं काकांना झालं.

"एक बाई खाली बसल्यात," ते म्हणाले. "तू त्यांना मारलंस. आणि कार्डं रद्दीत घालतेयस. ती गेली, की कुठला l ळ होता ते कधीच कुणाला सांगता येणार नाही."

"त्या बाईंची एक नोंद नीट करून टाका ना. तुम्ही बदल करा, मी लगेच मंजूर करते. फक्त गाजावाजा नको. आणि काका..." तिनं आवाज आणखी खाली आणला. "वरपर्यंत गेलं, तर पहिला प्रश्न हाच येईल, की पासवर्ड दिला कोणी. नियम तुमचाच. मला तुमची काळजी वाटते, म्हणून म्हणते."

काका जागेवर येऊन बसले. तिचं म्हणणं बरोबर होतं. किल्ली त्यांनीच दिली होती. आयुष्यात एकच नियम त्यांनी दुसऱ्यांना शिकवला, आणि मोडला तो स्वतःच. कशासाठी, तर कुणाला वाईट वाटू नये म्हणून.

मग त्यांनी बाईंची नोंद उघडली. दोन्ही नावं वेगळी केली. एकीला टिंब परत दिलं. मृत्यूचं साल त्या दुसऱ्या बाईंकडे पाठवलं, ढेकूण-झुरळंही पाठोपाठ पाठवली. आधाराच्या रकान्यात पत्राची तारीख घातली. त्याखाली शेरा लिहायची जागा होती. तिथे सहसा कोणी काही लिहीत नसे. काकांनी एका बोटानं, चष्मा कपाळावर चढवून, बराच वेळ टाइप केलं. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा ठेवलं. मग नोंद दुसऱ्या नजरेच्या रांगेत सोडली. मंजूर झाल्यावर ती त्याच घटकेला अकराही ग्रंथालयांच्या यादीत जायची.

ते उठून परत काचेच्या खोलीत गेले.

"टाकली आहे. बघ."

"करते." तिनं यादी उघडली.

"वाच आधी."

"हो काका, हो." तिचं बोट बटणावर गेलं. मंजूर. तिची आद्याक्षरं उमटली.

"अगं, वाच म्हटलं ना मी!"

ती हसली. मघापासून पहिल्यांदाच, जुन्यासारखी, मोकळी. "तुमचं मी कधी वाचलंय का, काका?"

काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"म्हणजे काय? तुमचं चुकतच नाही. मग पुस्तक काढा, उघडा, ताडा, कशाला? पहिली दोन वर्षं बघितलं असेन थोडंफार. मग सोडून दिलं. तुमची रांग मी सकाळी चहा पिता पिता एका झटक्यात मंजूर करते. सगळ्यांना माहीत आहे." ती जरा थांबली. "विश्वासच तेवढा होता ना."

खोलीत पंखा फिरत होता. तीन हजार आठशे बारा नावांचं दुःख त्यांना मघाशी फार मोठं वाटलं होतं. आता ते कुठल्या कुठे गेलं. सतरा वर्षं. झोप लागत नसे तेव्हा ज्याच्यावर डोकं टेकत होते, ते तिथे नव्हतंच.

त्यांच्या मनात आलं, की आता निघून जावं. तिनं वाचलं नाही ही तिची चूक. पण दुसऱ्यानं न वाचलेल्या मजकुराखाली त्याची सही वापरणं म्हणजे काय, हे त्यांना आज पुरतं कळलं होतं.

"मग मी वाचून दाखवतो," ते म्हणाले, आणि तिच्या पडद्याकडे वाकून, उजव्या डोळ्यानं, शाळेत उभं करून वाचायला लावल्यासारखे सावकाश वाचू लागले. "या नावातील टिंब कोणताही आधार न पाहता काढण्यात आले होते. याच आठवड्यात काढलेल्या सर्व तीन हजार आठशे बारा टिंबांनाही आधार नाही. मंजुरी माझ्या नावाची असली तरी मी ती दिलेली नाही. माझा पासवर्ड मी विभागप्रमुखांना दिला, तो माझा दोष. त्यांनी तो यासाठी वापरला. मूळ आधार जुन्या कार्डांवर आहेत. ती नष्ट करू नयेत."

ताईचा चेहरा पांढरा पडला. तिनं पडद्याकडे पाहिलं, आपल्या आद्याक्षरांकडे पाहिलं.

"काका, हे काय केलंत?"

"वाच म्हणालो होतो."

"माझी नोकरी जाईल. मुलगी दहावीला आहे माझी." तिचे डोळे भरले. "मागे घ्या ना. आत्ताच्या आत्ता घ्या. प्लीज, काका."

काकांच्या घशाशी 'बरं' आलं होतं. आयुष्यभर तेच येत आलं होतं.

"तू बदल करून टाक," ते म्हणाले. "पण दुसरी नजर माझी लागेल. पासवर्ड सकाळी बदललाय मी. आणि मी वाचतो, ताई. मी प्रत्येक वेळी वाचत होतो."

काका दार हलकेच लोटून बाहेर आले.

खाली काउंटरपाशी म्हातारी निघायच्या तयारीत होती. नातीनं पडद्यावर नाव काढलं होतं. "अगं बाई, जिवंत झाले की!" म्हातारी म्हणाली. "आणि ढेकूणही गेले." तिनं बोट पडद्याला लावून ते टिंब दाखवलं, कचरा आहे का बघावं तसं हलकेच पुसून पाहिलं. "निघत नाही. पक्कं आहे." काकांचा हात तिनं दोन्ही हातांत धरला. "सांभाळतो म्हणाला होतात. सांभाळलंत."

काकांनी मान हलवली. होकार होता की नकार, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

ती गेल्यावर ते तळघरात उतरले. पहिल्या कपाटाचा पहिला खण पूर्ण बाहेर काढून त्यांनी टाकीशेजारच्या स्टुलावर ठेवला. टिंबं परत द्यायची होती. कार्ड बघायचं, यंत्रात भरायचं. आधार कार्डावरच होता. त्यांनी पहिलं कार्ड उचललं. नाव, l, खाली त्यांच्या हाताचं टिंब. तळाशी दोन आद्याक्षरं. दुसरं तिचं.

त्यांनी कार्ड उजव्या डोळ्याजवळ नेलं. हे टिंब बरोबर होतं का? त्या दिवशी ताप असेल, चष्मा जुना असेल, शेजारच्या कार्डाचं टिंब इथे पडलं असेल. कुणी बघितलं होतं?

त्यांनी कार्ड खिशात घातलं, आणि ते पुस्तक शोधायला पुस्तकांच्या दालनाकडे निघाले.